अकरा वाजता लायसन्स कुणाकडे असतं?

सकाळी अकराच्या सुमाराला भोसरी किंवा अंबडच्या कुठल्याही डिझाइन ऑफिसात जा, एक हाक हमखास ऐकू येते. “अरे, कुणी तरी एक लायसन्स सोडा रे, मला फक्त दहा मिनिटं हवंय!” कुणी सोडत नाही. हाक मारणारा चहाला जातो, परत येतो, पुन्हा चिन्हावर क्लिक करतो आणि पडद्यावर तोच संदेश उमटतो: परवानगी असलेल्या वापरकर्त्यांची संख्या पूर्ण झाली आहे. दुपारी मालक विचारतात, “कालच्या फिक्स्चरचं ड्रॉइंग अजून का गेलं नाही?” उत्तर मिळतं, “साहेब, लायसन्स मिळालं नाही.” मग मालकांसमोर दोन मतं येतात. एक जण म्हणतो, आणखी दोन लायसन्स घ्या. दुसरा म्हणतो, हे वाटून वापरणं सोडा आणि प्रत्येकाच्या नावावर एकेक घेऊन टाका.

दोन्ही मतं अंदाजाने मांडलेली असतात. खरं तर या प्रश्नाचं उत्तर त्याच ऑफिसातल्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं, पण ती फाइल कुणी उघडत नाही. तिच्याकडे जाण्याआधी लायसन्सचे हे दोन प्रकार नीट पाहू.

नावावरचं लायसन्स, म्हणजे नेम्ड यूजर, समजायला सोपं आहे. ते एका माणसाच्या ईमेलला जोडलेलं असतं. त्या माणसाने त्याच्या खात्याने लॉगिन केलं की सॉफ्टवेअर उघडतं. तो घरून बसो, ऑफिसातून बसो, लॅपटॉप बदलो, काही अडत नाही. इंटरनेट मात्र अधूनमधून लागतं, कारण सॉफ्टवेअर ठरावीक दिवसांनी कंपनीच्या सर्व्हरला विचारून घेतं, की याची वर्गणी अजून चालू आहे ना. तो माणूस पंधरा दिवस गावी गेला तर त्याचं लायसन्सही पंधरा दिवस रिकामं बसतं. नोकरी सोडून गेला तर ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं. सकाळी एकाच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या नावावर करण्याची सोय मात्र त्यात अभिप्रेत नसते, आणि बहुतेक करारांत तसं लिहिलेलंही असतं.

फ्लोटिंग लायसन्स माणसाचं नसतं, ऑफिसचं असतं. ऑफिसातल्या एका संगणकावर लायसन्स सर्व्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू असतो. त्याच्याकडे एक फाइल असते. कोणत्या सॉफ्टवेअरची किती लायसन्स आहेत, ती कधीपर्यंत चालतील आणि ती कोणत्या संगणकाला बांधलेली आहेत, हे त्या फाइलमध्ये असतं. हे बांधणं साधारणपणे त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकावरून होतं. म्हणूनच सर्व्हरचं नेटवर्क कार्ड जळलं की नवीन फाइल येईपर्यंत सगळं ऑफिस हात बांधून बसतं. सॉफ्टवेअर पन्नास संगणकांवर टाका, हरकत नाही. ज्या क्षणी कुणी ते उघडतं, त्या क्षणी सर्व्हरकडे मागणी जाते. शिल्लक असेल तर एक लायसन्स बाहेर जातं, बंद केलं की आत येतं. शिल्लक नसेल तर नकार. नियम एवढाच, की एका वेळी किती जण वापरतात ते मोजायचं, एकूण किती जण आहेत ते नाही.

ही पद्धत १९८८ च्या सुमारास फ्लेक्सएलएम या प्रणालीने रुजवली. तेव्हा महागडी डिझाइन सॉफ्टवेअर युनिक्सच्या वर्कस्टेशनवर चालत आणि एकेका यंत्राला लायसन्स बांधलेलं असे. त्या एका यंत्रासमोर रांग लागायची. लायसन्स यंत्रातून सुटून नेटवर्कवर आलं आणि रांग यंत्रापुढून सर्व्हरपुढे गेली. आज त्याच प्रणालीचं नाव फ्लेक्सनेट आहे, आणि अभियांत्रिकीतली बरीचशी सॉफ्टवेअर अजून तिच्यावरच किंवा तिच्यासारख्या प्रणालीवर चालतात.

आता पैशांचं बोलू. एक कल्पित कारखाना घेऊ. प्रेस टूल आणि फिक्स्चर बनवणारा, भोसरीतला. त्यातले २४ जण डिझाइनचं सॉफ्टवेअर वापरतात. त्यांतले ६ जण पक्के डिझायनर आहेत. ते सकाळी बसतात आणि संध्याकाळी उठतात. उरलेले १८ जण टूलरूम, क्वालिटी, प्लॅनिंग आणि कोटेशन विभागांतले आहेत. त्यांना मॉडेल उघडून माप बघायचं असतं, एखादं भोक सरकवायचं असतं, वजन काढायचं असतं. यांतला प्रत्येक जण दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे ४० मिनिटं सॉफ्टवेअर वापरतो असं धरू. किमतीही धरूनच चालू, कारण त्या सॉफ्टवेअरप्रमाणे आणि घासाघिशीप्रमाणे बदलतात. नावावरचं लायसन्स वर्षाला दीड लाख रुपये. फ्लोटिंग त्याच्या १.८ पट, म्हणजे २ लाख ७० हजार. फ्लोटिंग महागच असतं, कारण ते वाटून वापरलं जाणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

सगळ्यांना नावावर दिलं तर २४ गुणिले दीड, म्हणजे ३६ लाख. हा आकडा लक्षात असू द्या.

आता १८ जणांचा विचार करा. प्रत्येकी ८० मिनिटं म्हणजे सगळ्यांचे मिळून दिवसाला २४ तास. दिवस आठ तासांचा. म्हणजे सरासरीने कुठल्याही क्षणी यांतले तीन जण सॉफ्टवेअरवर असतात. तेव्हा मालकांच्या मनात सहज येईल, की १८ जणांना तीन फ्लोटिंग लायसन्स पुरतील. पुरणार नाहीत. सरासरी तीन म्हणजे कधी एक, कधी पाच. लोक ठरवून, एकाने सोडलं की दुसऱ्याने घेतलं, असे येत नाहीत.

हा प्रश्न लायसन्सपेक्षा बराच जुना आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्राऱुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञासमोर तो अगदी याच रूपात आला होता. शहरात इतके टेलिफोन आहेत, लोक मनाला येईल तेव्हा फोन करतात, तर दोन एक्स्चेंजांमध्ये किती तारा टाकल्या म्हणजे ‘लाइन व्यस्त’ हे उत्तर फार जणांना मिळणार नाही? त्याने १९१७ साली यासाठी सूत्र मांडलं. तारेच्या जागी लायसन्स ठेवलं तरी सूत्र तेच राहतं. सरासरी मागणी आणि लायसन्सची संख्या त्यात घातली की शंभर मागण्यांपैकी किती नाकारल्या जातील याचा अंदाज मिळतो.

आपल्या १८ जणांसाठी हे गणित करून पाहिलं, तर तीन लायसन्सना दर शंभर मागण्यांत सुमारे ३५ नकार येतात. म्हणजे तिघांतला एक रिकाम्या हाताने परत जातो. चार घेतली तर २१, पाच घेतली तर ११, सहा घेतली तर ५ आणि सात घेतली तर २. सुरुवातीला एकेक लायसन्स मोठा फरक पाडतं, पुढे तो फरक आटत जातो. दिवसाला एकूण ३६ वेळा सॉफ्टवेअर उघडलं जातं. तेव्हा सहा लायसन्सना रोज दोनेक नकार येतात आणि सात घेतली तर एखादा.

मग सातवं घ्यावं का? नकार मिळालेल्या माणसाला किती थांबावं लागतं ते बघा. सहा जण आत आहेत, प्रत्येकाची बैठक सरासरी ४० मिनिटांची आहे. कुणी ना कुणी सुमारे सात मिनिटांत उठतो. सातव्या लायसन्सने रोजचा एक नकार वाचतो, म्हणजे सातेक मिनिटं. वर्षाच्या ३०० दिवसांत चाळीसेक तासही होत नाहीत. त्या तासांसाठी २ लाख ७० हजार मोजायचे की नाहीत, हे मालकांनी ठरवावं. मी मोजणार नाही.

तेव्हा १८ जणांना सहा फ्लोटिंग. त्यांचे १६ लाख २० हजार. आता ते पक्के सहा डिझायनर. त्यांनाही फ्लोटिंग दिलं तर? ते दिवसभर उठतच नाहीत, म्हणजे प्रत्येकाने एकेक लायसन्स सकाळीच उचललं आणि संध्याकाळी ठेवलं. असे एकूण १२ फ्लोटिंग लागतील आणि ३२ लाख ४० हजार जातील. नावावरच्या ३६ लाखांपेक्षा थोडे कमी, पण थोडेच. कारण उघड आहे. फ्लोटिंगचे जे जास्तीचे पैसे आपण देतो, ते वाटून वापरण्याच्या सोयीसाठी असतात. जो माणूस वाटूनच घेत नाही, त्याच्यासाठी ते पैसे वाया जातात. म्हणून त्या सहा जणांना नावावर द्या, ९ लाखांत. उरलेल्यांना सहा फ्लोटिंग. एकूण २५ लाख २० हजार. सगळ्यांच्या नावावर घेतली असती त्यापेक्षा १० लाख ८० हजार कमी.

या सगळ्यातून हाती एक साधं माप येतं. वाटून वापरणारी माणसं किती आणि त्यांना किती फ्लोटिंग पुरतात, यांचा भागाकार करा. इथे १८ भागिले ६, म्हणजे तीन. आता किमतींचं प्रमाण बघा. फ्लोटिंग हे नावावरच्याच्या १.८ पट असेल तर फ्लोटिंग घ्यावं. तीन पट असेल तर दोन्ही सारखंच. तीन पटीहून महाग असेल तर फ्लोटिंगचा नाद सोडावा आणि १८ जणांनाही नावावर देऊन मोकळं व्हावं. कुठला प्रकार चांगला, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. ते या दोन आकड्यांच्या तुलनेतून येतं. चार माणसांच्या ऑफिसात, जिथे चौघेही दिवसभर ड्रॉइंग करतात, फ्लोटिंगला काही अर्थच नाही.

सूत्राचीही एक मर्यादा आहे. लोक केव्हाही येतात असं ते धरून चालतं. ऑफिसात तसं नसतं. सकाळच्या मीटिंगनंतर सगळे एकदम उघडतात, जेवणानंतर पुन्हा एकदम, आणि ग्राहकाला ड्रॉइंग द्यायच्या आदल्या दिवशी तर विचारूच नका. म्हणून सूत्रावरून अंदाज घ्यावा, पण शेवटचा आकडा आपल्या ऑफिसच्या नोंदींतूनच काढावा. सुरुवातीला म्हटलेली फाइल ती हीच.

लायसन्स सर्व्हर प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. फ्लेक्सनेटच्या लॉगमध्ये ओळी साधारण अशा दिसतात. यातली नावं मी बदलली आहेत:

```
11:04:12 (vendord) OUT: "cad_std" pqr@PC-07
11:06:40 (vendord) DENIED: "cad_std" xyz@PC-19
  (Licensed number of users already reached. (-4,342))
11:13:05 (vendord) IN: "cad_std" abc@PC-02
```

`OUT` म्हणजे लायसन्स बाहेर गेलं, `IN` म्हणजे परत आलं, `DENIED` म्हणजे नकार. तीन महिन्यांचा लॉग घेतला आणि एक्सेलमध्ये टाकला की कोणत्या वेळी किती लायसन्स बाहेर होती, सहाच्या सहा किती मिनिटं व्यापलेली होती, हे सगळं समोर येतं. या क्षणाची स्थिती बघायची असेल तर एक आज्ञा पुरते:

```
lmutil lmstat -a -c 27000@licserver
```

लॉग वाचताना `DENIED` च्या नुसत्या ओळी मोजल्या तर फसगत होते. सॉफ्टवेअर उघडताना स्वतःच दोन-चारदा विचारतं, त्यामुळे एका माणसाच्या एका नकाराच्या चार ओळी पडतात. शिवाय चिडलेला माणूस पाच मिनिटांत दहा वेळा क्लिक करतो तो वेगळाच. नकाराचं कारणही बघावं लागतं. `-4` म्हणजे खरोखर लायसन्स संपलेली होती. `-5` असेल तर ते वैशिष्ट्य आपल्याकडे विकतच घेतलेलं नाही, टंचाईशी त्याचा संबंध नाही. एका ऑफिसात अशा नकारांचा ढीग दाखवून विक्रेत्याने जास्तीची लायसन्स विकल्याचं मी पाहिलं आहे. ढीग होता, पण त्यातल्या बहुतेक ओळी `-5` च्या होत्या.

लॉगमधून आणखी एक गोष्ट कळते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. लायसन्स बाहेर आहे याचा अर्थ कुणी काम करतंय असा नाही. सकाळी उघडलेलं सॉफ्टवेअर माणूस बंद करत नाही. खिडकी खाली सारतो, ईमेल बघतो, शॉप फ्लोअरवर जातो, जेवतो. सर्व्हरच्या दृष्टीने तो अजून वापरतोच आहे. आणि टंचाई जितकी जास्त, तितका माणूस लायसन्स घट्ट धरून बसतो, कारण एकदा सोडलं तर परत मिळेल याची खात्री नसते. टंचाईतून साठेबाजी, साठेबाजीतून आणखी टंचाई.

याचा परिणाम आकड्यांत बघा. आपल्या त्याच १८ जणांनी काम तेवढंच केलं, ८० मिनिटांचंच, पण बंद करायचा कंटाळा केला आणि दिवसातून दोनदा दीड-दीड तास लायसन्स अडवून ठेवलं. आता सरासरी मागणी तीनवरून पावणेसातवर जाते. लायसन्स सहाच आहेत. दर शंभर मागण्यांत नकार किती? पाचाचे एकतीस-बत्तीस. म्हणजे सहा लायसन्स असूनही, तीन असताना होती जवळजवळ तीच अवस्था. कामात एका मिनिटाची वाढ नाही, आणि ऑफिसची तक्रार मात्र, की लायसन्स कमी पडतात. अशा वेळी दोन नवीन घेतली तर काही दिवस बरं वाटतं, मग तीही अडून बसतात.

यावरचा उपाय सर्व्हरमध्येच असतो आणि तो फुकट असतो. लायसन्स फाइलच्या शेजारी ऑप्शन्स फाइल ठेवता येते. तिच्यात असं लिहितात:

```
TIMEOUTALL 1800
GROUP quality qa1 qa2 qa3
MAX 2 cad_std GROUP quality
```

पहिल्या ओळीचा अर्थ असा, की १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास, कुणी काहीच केलं नाही तर सर्व्हरने लायसन्स परत घ्यावं. माणूस परत आला की सॉफ्टवेअर पुन्हा लायसन्स मागतं. मिळालं तर काम पुढे चालू. नाही मिळालं तर सॉफ्टवेअर काम जतन करायला सांगतं. ही वेळ कमीत कमी किती ठेवता येईल ते सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ठरवते, आणि काही सॉफ्टवेअर ही सूचना मानतच नाहीत, म्हणून आधी एका संगणकावर करून बघावं. पुढच्या दोन ओळी क्वालिटीच्या तिघांचा गट करून त्यांना एका वेळी दोनपेक्षा जास्त लायसन्स घेऊ देत नाहीत.

याच फाइलमध्ये `RESERVE` हा शब्द वापरून एखाद्यासाठी लायसन्स राखूनही ठेवता येतं. साहेबांना हे फार आवडतं. पण राखलेलं लायसन्स साहेब टूरवर असले तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. म्हणजे नावावरचंच लायसन्स झालं, फक्त फ्लोटिंगच्या भावात. त्यापेक्षा साहेबांच्या नावावर एक घेऊन द्या, १ लाख २० हजार वाचतील.

लॅपटॉप घेऊन चाकणला ग्राहकाकडे जायचं असेल तर फ्लोटिंग लायसन्स काही दिवसांसाठी उसनंही घेता येतं. मग सर्व्हरशी संपर्क नसला तरी चालतं. मात्र तेवढे दिवस ऑफिसातलं एक लायसन्स कमी होतं, आणि लॅपटॉप बंद पडला तर मुदत संपेपर्यंत ते परत मिळत नाही. सतत फिरणाऱ्या माणसाला म्हणूनच नावावरचं बरं.

एवढं गणित मांडल्यावर एक धक्का सांगितला पाहिजे, कारण तो अनेक कारखान्यांनी खाल्ला आहे. कुठला प्रकार घ्यायचा हे नेहमी आपल्या हातात असतंच असं नाही. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कने २०२० मध्ये फ्लोटिंगची वर्गणी बंद करायला सुरुवात केली. ७ ऑगस्ट २०२० पासून नूतनीकरणाच्या वेळी सौदा असा दिला, की एक फ्लोटिंग परत करा आणि जवळपास त्याच खर्चात दोन नावावरची घ्या. ऐकायला उदार वाटतं.

आपल्या कारखान्याला तो लावून बघा. समजा त्यांनी सगळीच फ्लोटिंग घेतली होती, बारा. बाराच्या बदल्यात चोवीस मिळाली. माणसंही चोवीसच. काही बिघडलं नाही. पण ज्याने १८ जणांना सहा फ्लोटिंग नीट पुरवली होती, टाइमआउट लावला होता, लॉग वाचले होते, त्याला मिळणार बारा. सहा जण उघडे पडले, आणि त्यांच्यासाठी वर्षाला नवे ९ लाख मोजावे लागले. ज्याने आठ लायसन्स चाळीस जणांत फिरवली होती, त्याचे तर चोवीस जण बाहेर राहिले. म्हणजे जो जितका काटकसरी, त्याला तितका मोठा फटका. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमधल्या नामवंत वास्तुरचना संस्थांनी ऑटोडेस्कच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं. त्यात वाढत्या खर्चाची आणि वारंवार बदलणाऱ्या लायसन्सच्या प्रकारांची तक्रार होती. फ्लोटिंग काही परत आलं नाही.

त्याऐवजी २०२१ मध्ये टोकन आली. आधी टोकन विकत घेऊन ठेवायची, सॉफ्टवेअर उघडलं की दिवसाच्या हिशोबाने ती कापली जातात. सुरुवातीच्या दरपत्रकात ऑटोकॅडला दिवसाला सात टोकन होती. यातला दिवस २४ तासांचा, मग तुम्ही पाच मिनिटं उघडा की पंधरा तास. महिन्यातून तीन-चार दिवस सॉफ्टवेअर लागणाऱ्या माणसाला हे छान परवडतं. आपले १८ जण रोज उघडतात, तेही ४० मिनिटांसाठी. त्यांच्यासाठी टोकन म्हणजे रोज पूर्ण दिवसाचे पैसे.

असे सहा जण उघडे पडले की एक पळवाट सुचते. ‘डिझाइन१’ नावाचा ईमेल काढायचा, त्याच्या नावावर लायसन्स घ्यायचं आणि पासवर्ड तिघांना सांगायचा. हे सर्रास चालतं, आणि सहज पकडलंही जातं. नावावरच्या लायसन्समध्ये प्रत्येक लॉगिन कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. एकाच नावाने तीन संगणकांवरून, कधी दोन गावांतून एकाच तासात काम होताना दिसलं की तपासणीची नोटीस येते, आणि मागच्या वर्षांचा हिशोब मागितला जातो. फ्लोटिंगमध्ये सर्व्हरच जास्तीच्या माणसाला दार उघडत नाही, त्यामुळे अशी चूक घडणंच अवघड. नावावरच्या लायसन्समध्ये ती जबाबदारी आपल्यावर येते, हा फरक किमतीच्या तक्त्यात लिहिलेला नसतो.

दोन देशांत ऑफिसं असणाऱ्यांसाठी आणखी एक. पुण्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा डेट्रॉइटमध्ये सकाळ असते. इथली लायसन्स तेव्हा रिकामी झालेली असतात. तीच तिकडच्यांनी वापरली तर एका लायसन्सवर दोन पाळ्या निघतात. तांत्रिकदृष्ट्या यात काही अवघड नाही. पण बऱ्याच करारांत लायसन्स कोणत्या देशात वापरायचं ते बांधून दिलेलं असतं, आणि जगभर चालणाऱ्या फ्लोटिंगचा भाव वेगळा असतो.

म्हणून यंदा नूतनीकरणाचा कागद पुढे आला, तर सही करण्याआधी आपल्या आयटीवाल्याकडून मागच्या तीन महिन्यांचा लॉग मागवा. त्यात टाइमआउट लावलेला नसेल तर आधी तो लावा आणि एक महिना थांबून पुन्हा बघा. मग विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: दोन्ही प्रकारांचा भाव, नाव बदलण्याच्या अटी, आणि पुढच्या नूतनीकरणालाही फ्लोटिंग याच रूपात मिळेल की नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर विक्रेता लेखी द्यायला तयार नसेल, तर तीन वर्षांचा करार करू नका, एक वर्षाचाच करा.